कंपनीचे ३० लाख, गावाच्या वाट्याला साडेअठरा: सीएसआरचे गणित नेमके कुठे अडते

औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांत दरवर्षी एक चित्र दिसते. जानेवारी-फेब्रुवारीत सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि दोन-चार तरुण मंडळी कंपनीच्या गेटवर निवेदन घेऊन जातात. शाळेला खोल्या हव्यात, स्वच्छतागृह हवे, पाण्याची सोय हवी. एचआरचा साहेब चहा पाजतो, निवेदनावर शिक्का मारून देतो. पुढे कधी काम होते, कधी अर्धे होते, बहुतेक वेळा काहीच होत नाही. मग गावात चर्चा सुरू होते की कंपनीने पैसे खाल्ले, किंवा दुसऱ्या गावाने वशिला लावला.

वशिला असतोही कधी कधी. पण बऱ्याच निवेदनांचा निकाल त्याआधीच लागलेला असतो, तोही साध्या बेरीज-वजाबाकीत. गावाने मागितलेली रक्कम कंपनीच्या त्या वर्षीच्या चौकटीत बसत नाही. आणि ती चौकट किती मोठी आहे, हे गावाला कोणी सांगितलेले नसते.

दोन टक्के कशाचे?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी ती या कायद्यात येते. इथेच ग्रामीण भागात पहिला घोळ होतो. सहकारी साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी या सहकार कायद्याखालच्या संस्था आहेत, कंपन्या नव्हेत. त्यांना हे कलम लागू नाही. शेजारचा खाजगी साखर कारखाना मात्र कंपनी म्हणून नोंदलेला असेल आणि वरचा एखादा निकष पूर्ण करत असेल तर त्याला लागू आहे. सहकारी कारखान्याच्या दारात सीएसआरचे निवेदन घेऊन जाण्यात म्हणून अर्थ नाही.

खर्च किती करायचा? मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के. उलाढालीच्या नव्हे. रोज शंभर ट्रक माल बाहेर पडणारी कंपनी नफ्यात मात्र बेताची असू शकते. हा नफाही कायद्यातल्या वेगळ्या पद्धतीने, कर भरण्याच्या आधीचा धरतात. त्यामुळे वर्तमानपत्रात छापून आलेल्या नफ्याशी तो तंतोतंत जुळतोच असे नाही.

कायद्याचे शब्द 'किमान दोन टक्के' असे आहेत. म्हणजे कायद्याने ही खालची रेघ आखली आहे. बहुतेक संचालक मंडळे तिलाच वरची रेघ मानतात. भागधारकांना जाब द्यायचा असतो, म्हणून दोन टक्के भरले की फाइल बंद. त्यामुळे गावासाठी प्रत्यक्षात ती मर्यादाच ठरते, आणि प्रस्ताव तिच्या आतच बसवावा लागतो.

३० लाखांतून काय काय वजा होते

एक उदाहरण धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, पण नियम खरे आहेत. एका मध्यम कंपनीचा तीन वर्षांचा नफा अनुक्रमे १८, १५ आणि १२ कोटी आहे. सरासरी १५ कोटी, त्याचे दोन टक्के म्हणजे ३० लाख. गावात बातमी पोहोचते, 'कंपनीकडं तीस लाख हायेत'.

आता वजाबाकी. कंपनीने गेल्या वर्षी गरजेपेक्षा २ लाख जास्त खर्च केले होते. असा जादा खर्च पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वळता करून घेण्याची मुभा कायदा देतो. संचालक मंडळाने ठराव केला, २ लाख गेले. शेजारच्या तालुक्यात नाला खोलीकरणाचे काम गेल्या वर्षी सुरू झाले आहे, त्याचा यंदाचा हप्ता ८ लाख. तो आधीच कबूल केलेला आहे. शिवाय कंपनीला सीएसआर विभागाच्या कार्यालयीन कारभारासाठी एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम धरता येते. इथे ते दीड लाख होतात.

३० मधून साडेअकरा गेले, उरले साडेअठरा लाख. गावाने भांडायचे ते या आकड्यावर.

त्या पाच टक्क्यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. ते कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयीन खर्चासाठी असतात. गावातल्या कामावर देखरेख करणारा अभियंता, काँक्रीटची तपासणी, कामाचा आराखडा हा सगळा त्या कामाचाच खर्च आहे आणि तो कामाच्याच अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. 'देखरेख कंपनीच्या पाच टक्क्यांतून होईल' असे कोणी म्हणत असेल तर बहुधा देखरेख होणारच नसते.

गावाचा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो

आता दुसरी बाजू पाहू. या गावाला जिल्हा परिषद शाळेसाठी दोन खोल्या, मुला-मुलींचे स्वच्छतागृह, पाण्याची टाकी व हात धुण्याची जागा आणि एका वर्गात संगणक व मोठा टीव्ही हवा आहे. ओळखीच्या ठेकेदाराला विचारून आकडे मांडले. खोल्या प्रत्येकी ८ लाख, स्वच्छतागृह ४ लाख, पाण्याची सोय दीड लाख, संगणक-टीव्ही अडीच लाख. एकूण २४ लाख. निवेदनात '२४ लाख रुपये मिळावेत' असे लिहिले.

कंपनीच्या हिशेब विभागात हा कागद जातो तेव्हा तिथला माणूस पहिल्यांदा जीएसटी शोधतो. बांधकामाच्या ठेक्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. २४ लाखांवर तो ४ लाख ३२ हजार होतो. कारखान्यासाठी घेतलेल्या मालावर भरलेला कर कंपनी पुढे वळता करून घेऊ शकते, म्हणून अनेकांना वाटते की जीएसटीचे कंपनीला काही वाटत नसेल. सीएसआरच्या कामाला मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून ती सवलत कायद्यानेच बंद झाली आहे. तो कर कंपनीच्या खिशातूनच जातो, म्हणजे त्याच साडेअठरा लाखांतून. त्यात देखरेख आणि तपासणीचे ५० हजार मिळवले की गावाचे २४ लाख कंपनीच्या दृष्टीने जवळपास २९ लाख होतात. हाताशी साडेअठरा, मागणी २९. निवेदन फाइलला लागते.

यावर उपाय म्हणून अंदाजपत्रक ठेकेदाराकडून न घेता जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडून घ्यावे. तिथे शासकीय दरसूचीनुसार, ज्याला सगळे डीएसआर म्हणतात, त्या दराने मोजमाप होते आणि शेवटच्या पानावर जीएसटी व इतर खर्च वेगळे दाखवलेले असतात. शाळेची जागा आणि इमारत जिल्हा परिषदेची असल्याने तिची परवानगी तशीही लागतेच. मंजुरी नसलेल्या जागेवर कंपनी एक वीटही लावत नाही.

सगळ्यातून थोडे थोडे कापले की काय होते

रक्कम कमी पडली की बैठकीत एक सोपा तोडगा निघतो. सगळ्याच कामांना कात्री लावू. खोल्या थोड्या लहान, सळई थोडी कमी, स्वच्छतागृहाला टाइल नको, टाकी छोटी. ठेकेदारही हो म्हणतो, कारण त्याला काम हवे असते. मग पैसे लिंटेलच्या उंचीवर संपतात. अशी छत नसलेली भिंत, आत उगवलेली वेडी बाभूळ आणि बाहेर कंपनीच्या नावाचा फलक कुठल्याही तालुक्यात शोधली तर सापडेल.

खर्च मर्यादेत बसवायचा असेल तर कापाकापी वापरता येईल अशा पूर्ण तुकड्यांत करावी लागते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मुलांना काहीतरी पूर्ण वापरायला मिळाले पाहिजे, मग पुढचा टप्पा आला नाही तरी बेहत्तर.

याच शाळेचे गणित असे बसवता येते. पहिल्या वर्षी एक खोली ८ लाख, स्वच्छतागृह ४ लाख, पाण्याची सोय दीड लाख, म्हणजे साडेतेरा लाख. त्यावर जीएसटी २ लाख ४३ हजार. देखरेख व तपासणी ४० हजार. अचानक निघणाऱ्या खर्चासाठी, म्हणजे पायात खडक लागला किंवा काळी माती जास्त खोल निघाली तर, ६५ हजार. बेरीज १६ लाख ९८ हजार. साडेअठरामधून दीड लाखापेक्षा थोडे जास्त उरतात.

त्या उरलेल्या पैशांत संगणक आणण्याचा मोह होतो, कारण संगणकासोबत फोटो चांगला निघतो. खरे तर ते पैसे दुसऱ्या खोलीच्या पायाची खोदाई आणि काँक्रीट यासाठी वापरणे शहाणपणाचे. मजूर आणि मिक्सर जागेवर असतानाच शेजारचा पाया घेतला तर दोन्ही खोल्यांचा पाया एकसंध होतो आणि पुढच्या वर्षी नव्या भिंतीजवळ पुन्हा खोदावे लागत नाही. त्याचे सव्वा लाख आणि जीएसटी साडेबावीस हजार धरले तरी एकूण खर्च १८ लाख ४६ हजारांच्या आत राहतो. बाहेर राहिलेल्या सळयांना मात्र सिमेंटचा लेप द्यायला सांगावे, नाहीतर एका पावसाळ्यात गंज चढतो.

पुढच्या वर्षी मर्यादा तीच नसते

दुसऱ्या टप्प्यात राहिलेली खोली आणि संगणक येतात. इथे गावे आणखी एकदा फसतात. 'यंदा तीस होते, पुढल्या सालीही तीस असतील' असे धरले जाते. पण सरासरी तीन वर्षांची असते आणि दरवर्षी मागचे एक वर्ष गळते. आपल्या उदाहरणात १८ कोटींचे चांगले वर्ष बाहेर पडले आणि यंदाचा नफा ९ कोटीच झाला, तर नवी सरासरी १५, १२ आणि ९ यांची, म्हणजे १२ कोटी. दोन टक्के २४ लाख. नाल्याचे ८ लाख आणि कार्यालयाचे १ लाख २० हजार वजा केले तर उरतात १४ लाख ८० हजार.

दुसऱ्या टप्प्याचा खर्च काढू. खोलीचे राहिलेले पावणेसात लाख आणि संगणकाचे अडीच लाख मिळून सव्वानऊ लाख. सिमेंट, सळई, मजुरी यांच्या वाढीसाठी ५ टक्के धरले की ९ लाख ७१ हजार. जीएसटी, देखरेख आणि आकस्मिक खर्च मिळून साधारण सव्वाबारा लाख होतात. १४ लाख ८० हजारांत हे बसते. पहिल्या वर्षी फक्त स्वच्छतागृह घेऊन दोन्ही खोल्या पुढे ढकलल्या असत्या, तर त्या एकट्यांनाच जीएसटीसह १९ लाखांच्या आसपास लागले असते आणि शाळा पुन्हा पडवीतच भरली असती. नफा उतरणीला लागलेल्या कंपनीकडून मोठे काम पहिल्याच वर्षी उरकून घ्यावे, ते याच कारणाने. मागच्या तीन वर्षांचे नफ्याचे आकडे कंपनीच्या वार्षिक अहवालात असतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल त्यांच्या वेबसाइटवर मोबाइलवरही उघडतात.

एका शब्दावर अडलेले पैसे

दोन वर्षांचे काम असेल तर संचालक मंडळाच्या ठरावात ते 'चालू प्रकल्प' म्हणून नोंदलेले आहे का, हे विचारणे सर्वात महत्त्वाचे. चालू प्रकल्प म्हणजे एका वर्षात न संपणारे काम. ते सुरू झालेले वर्ष सोडून पुढे जास्तीत जास्त तीन वर्षे चालू शकते.

हा शब्द असेल तर ३१ मार्चला काम अपुरे राहिले तरी उरलेले पैसे वाचतात. कंपनीने ते ३० एप्रिलच्या आत बँकेतल्या वेगळ्या 'अखर्चित सीएसआर खात्यात' टाकायचे आणि तीन आर्थिक वर्षांत त्याच कामी वापरायचे. शब्द नसेल तर न खर्चलेली रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान मदत निधीसारख्या, कायद्याच्या यादीतल्या निधीत जमा करावी लागते. गावाच्या दृष्टीने ते पैसे कायमचे गेले. हे न करणाऱ्या कंपनीला राहिलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांत जे कमी असेल तेवढा दंड आहे. त्यामुळे कंपनीचा हिशेबनीस गावाच्या रडण्याने विरघळेल अशी आशा ठेवू नये.

मार्चमधली घाई यातूनच येते. पूर्वी संस्थेच्या खात्यात पैसे टाकले की कंपनी 'खर्च झाला' म्हणत असे. आता नुसते पैसे देणे म्हणजे खर्च नव्हे. ते ठरल्या कामावर वापरले गेले, असे कंपनीच्या वित्तप्रमुखाने प्रमाणित करावे लागते. म्हणून फेब्रुवारी संपत आला की कंपनीचे लोक लवकर उरकणारी कामे शोधू लागतात. बाकडी, दप्तरे, वॉटर फिल्टर. ज्या गावाकडे मंजूर अंदाजपत्रक आणि ग्रामसभेचा ठराव तयार असतो, त्याला या घाईतही बांधकामाचा पहिला टप्पा मिळून जातो. बाकीच्यांना फिल्टर मिळतो. त्याचा मेंब्रेन वर्ष-दोन वर्षांत बदलायचा असतो, त्याचे पैसे कोणी धरलेले नसतात आणि यंत्र कोपऱ्यात पडते.

देखभालीची नोंद म्हणूनच ठरावात हवी. स्वच्छतागृहाची सफाई कोण करणार, विजेचे बिल कोण भरणार, टाकी कोण धुणार. लोकवर्गणी आणि श्रमदानही तिथेच लिहावे. जागेचे सपाटीकरण गावाने केले तर कंपनीचा तेवढा खर्च वाचतो आणि ती रक्कम पायाला वापरता येते. मात्र गावाच्या श्रमाची किंमत कंपनीला आपल्या सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. तसेच कंपनीने स्वतःच्या कारखान्यातला माल दिला तर त्याची किंमत लावून खर्च दाखवणेही चालत नाही. दोन टक्के पैशातच खर्च व्हावे लागतात.

निवेदन कधी आणि कोणाकडे

सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असलेल्या कंपनीला वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही, संचालक मंडळच निर्णय घेते. अखर्चित खात्यात पैसे शिल्लक असतील तर मात्र समिती लागते. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कंपनीत 'सीएसआर समितीचे अध्यक्ष' असा पत्ता घातलेले निवेदन टेबलावरून टेबलावर फिरत राहील. ते कंपनी सचिव आणि वित्तप्रमुखांच्या नावे द्यावे. समिती असलेल्या कंपन्यांत वर्षाचा कृती आराखडा समिती सुचवते आणि मंडळ मंजूर करते. मध्येच त्यात बदल करता येतो, पण कारण लिहून द्यावे लागते आणि तेवढी उठाठेव कोणी सहसा करत नाही. आराखडा ठरण्याआधी, म्हणजे मार्चपूर्वीच, प्रस्ताव पोहोचलेला बरा. कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, पण ती सक्ती नाही. 'आमच्या उशाशी कारखाना, मग पैसा आमचाच' हा युक्तिवाद तेवढ्यापुरताच चालतो.

काम एखाद्या संस्थेमार्फत होणार असेल तर तिचा सीएसआर नोंदणी क्रमांक विचारावा. 'सीएसआर-१' हा अर्ज भरून तो केंद्र सरकारच्या कंपनी कामकाज मंत्रालयाकडून मिळतो आणि १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर काम तिथेच थांबवलेले बरे. कंपनी थेट ठेकेदारामार्फतही काम करू शकते. अशा वेळी मध्ये संस्था नसते आणि तिचा खर्चही नसतो. तयार झालेली खोली कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही, ती जिल्हा परिषदेसारख्या सार्वजनिक संस्थेच्या नावे व्हावी लागते.

काम संपल्यावर तपासायची जागाही ठरलेली आहे. संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प कंपनीने आपल्या वेबसाइटवर टाकायचे असतात. वार्षिक सीएसआर अहवालात, बांधलेल्या मालमत्तेचा पत्ता, पिनकोड, तारीख, खर्चाची रक्कम आणि ती कोणाच्या नावे आहे, हे लिहावे लागते. csr.gov.in या सरकारी संकेतस्थळावर कंपनीनिहाय खर्चही पाहता येतो. अहवालाच्या पीडीएफमध्ये गावाचा पिनकोड शोधायला दोन मिनिटे लागतात. तिथे साडेअठरा लाख लिहिलेले असतील आणि शाळेच्या आवारात दहा लाखांचेही काम दिसत नसेल, तर उपअभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागायला हरकत नाही. पत्त्यासमोर गावाचे नाव आहे पण मालकाच्या रकान्यात कुठल्या तरी ट्रस्टचे नाव असेल, तर तो प्रश्न ग्रामसभेत त्याच महिन्यात घ्यावा.